करंट रेशो वाढला, म्हणून कर्ज द्या? गुणोत्तर-विश्लेषणाचं लेखी उत्तर तपासताना

रेशो ॲनालिसिसचं लेखी उत्तर पहिल्यांदा तपासायला घेणाऱ्याची नजर साहजिकच आकड्यांवर जाते. करंट रेशो बरोबर आला का, दिवस बरोबर काढले का, हे पाहून टिक मारत मारत आपण खाली येतो. शेवटी ‘म्हणून कंपनीची स्थिती सुदृढ आहे’ असं वाक्य दिसतं आणि वरच्या सगळ्या टिकांच्या भरात त्यालाही टिक मिळते. खरी तपासणी त्या ‘म्हणून’पाशी सुरू व्हायला हवी. आकडे बरोबर आणि निष्कर्ष निराधार, अशी उत्तरं या विषयात भरपूर असतात. त्यांना चौदा-पंधरा गुण देऊन मोकळं झालं, तर विद्यार्थी पुढे बँकेत किंवा ऑडिट फर्ममध्ये तेच करतो.

हे नीट कळण्यासाठी एकच प्रश्न घेऊन शेवटपर्यंत जाऊ. एम.कॉम. किंवा एमबीएच्या पेपरात शोभेल असा, २० गुणांचा. कंपनी काल्पनिक आहे, पण ताळेबंद जुळतो.

शेतीपंप आणि पाइप विकणारी एक घाऊक वितरक कंपनी आहे. तिने बँकेकडे कॅश क्रेडिटची मर्यादा ५० लाखांनी वाढवून मागितली आहे. प्रश्न असा: ‘गुणोत्तरांच्या आधारे बँकेला सल्ला द्या.’ आकडे लाख रुपयांत आहेत.

| बाब | २०२२-२३ | २०२३-२४ |
|---|---|---|
| विक्री | ६०० | ६६० |
| विकलेल्या मालाची किंमत | ४५० | ४९५ |
| व्याज व करापूर्वीचा नफा | ६० | ७२ |
| व्याज | १२ | १९ |
| करोत्तर नफा | ३६ | ४० |
| साठा | ९० | १६५ |
| येणी | १०० | १४३ |
| रोकड व बँक | २० | ८ |
| स्थिर मालमत्ता (घसारा वजा जाता) | १९० | १८४ |
| व्यापारी देणी | ८० | ८८ |
| कॅश क्रेडिट | ६० | ७० |
| मुदत कर्ज | ६० | १४२ |
| भांडवल व राखीव निधी | २०० | २०० |

गठ्ठा उघडण्याआधी

आधी हा प्रश्न स्वतः सोडवा, आणि तोही आदर्श उत्तराच्या कागदाकडे न बघता. रेशो काढायला फार वेळ लागत नाही. त्यापुढचं काम बरेच जण टाळतात. वर्षभरात पैसा कुठून आला आणि कुठे गेला, हे चार ओळींत मांडायचं असतं. तपासणीचा खरा आधार तोच आहे.

इथे तो हिशेब असा निघतो. साठ्यात ७५ लाख आणि येण्यांत ४३ लाख जास्तीचे अडकले, व्यापारी देणी मात्र ८ लाखांनीच वाढली. म्हणजे खेळत्या भांडवलाने ११० लाख गिळले. भांडवल व राखीव निधी २०० लाखांवर जिथल्या तिथे आहे, पण नफा तर ४० लाख झाला होता. याचा अर्थ तो सगळा लाभांश म्हणून बाहेर गेला. दुसरीकडे मुदत कर्ज ८२ लाखांनी आणि कॅश क्रेडिट १० लाखांनी वाढलं, मिळून ९२ लाख. एवढं कर्ज घेऊनही रोकड २० वरून ८ लाखांवर आली.

प्रश्नात घसारा १८ लाख दिलेला असेल, तर धंद्यातून आलेला रोख प्रवाह ४० अधिक १८ वजा ११०, म्हणजे उणे ५२ लाख. नफा झाला, पण धंद्याने रोकड दिली नाही. त्यातून लाभांश वाटला आणि खड्डा कर्जाने भरला. ही गोष्ट तुमच्या डोक्यात पक्की असली, की तिच्या उलट जाणारं वाक्य वाचताक्षणी खटकतं.

यानंतर आणखी एक ठरवा: या आकड्यांवरून कोणकोणते सल्ले टिकू शकतात? ‘मर्यादा वाढवू नये’ हा टिकतो. ‘अटी घालून काही प्रमाणात वाढवावी’ हाही टिकतो, कारण व्याज भागवण्याइतका नफा अजून आहे. ‘स्थिती उत्तम आहे, पूर्ण ५० लाख द्या’ हा टिकवणं फार कठीण. आदर्श उत्तरात यांपैकी एकच सल्ला छापलेला असेल, तर दुसरा टिकणारा सल्ला देणाऱ्यावर अन्याय होतो. म्हणून परीक्षकांच्या बैठकीतच हे बोलून घ्या. गुण सल्ल्याला द्यायचे नसतात, आकड्यांपासून सल्ल्यापर्यंत नेणाऱ्या वाटेला द्यायचे असतात.

उत्तर शेवटाकडून वाचा

आता एक नेहमी भेटणारं उत्तर बघा. वाक्यांना क्रमांक आपण दिले आहेत.

‘(१) करंट रेशो १.५ वरून २ झाला आहे. आदर्श प्रमाण २:१ असल्याने कंपनीची तरलता उत्तम आहे. (२) क्विक रेशोही ०.८६ वरून ०.९६ झाला, म्हणजे अल्पमुदतीची देणी फेडण्याची क्षमता वाढली. (३) साठा विकला जाण्याचे दिवस ७३ वरून १२२ आणि वसुलीचे दिवस ६१ वरून ७९ झाले आहेत. कंपनीने याकडे लक्ष द्यावे. (४) भागधारकांच्या निधीवरील परतावा १८ टक्क्यांवरून २० टक्के झाला, यावरून व्यवस्थापनाची कार्यक्षमता वाढल्याचे दिसते. (५) एकंदरीत कंपनीची आर्थिक स्थिती सुदृढ असल्याने बँकेने मर्यादा वाढवून द्यावी.’

आकडा एकही चुकलेला नाही. भाषा नेटकी आहे. घाईत वाचलं तर सहज १४ गुण मिळतील.

पहिल्या वाचनात फक्त वाक्य ५ शोधा आणि त्याखाली दुहेरी रेघ मारा. मग वर जात विचारा, की हा निष्कर्ष कोणत्या वाक्यांवर उभा आहे? इथे १, २ आणि ४ वर. वाक्य ३ कुठे गेलं? ते निष्कर्षाच्या हिशेबातच नाही. त्यातला आकडा सगळ्यात गंभीर आहे आणि तो ‘लक्ष द्यावे’ म्हणून बाजूला सारला आहे. ‘लक्ष द्यावे’, ‘सुधारणा आवश्यक आहे’, ‘समाधानकारक आहे’ असे शब्द दिसले की थांबा. प्रतिकूल आकडा निष्कर्षापर्यंत पोहोचू न देण्याची ही नेहमीची पळवाट आहे. बहुतेक वेळा विद्यार्थ्यालाही आपण ती घेतल्याचं कळत नसतं.

दुसऱ्या वाचनात समासात प्रत्येक वाक्यापुढे एकच अक्षर लिहा. नुसता आकडा सांगितला असेल तर ‘आ’. आकडा वाढला की घटला एवढंच असेल तर ‘व’, म्हणजे वर्णन. दोन किंवा अधिक आकडे एकमेकांना जोडून काही म्हटलं असेल तर ‘सां’, म्हणजे सांगड. मत किंवा सल्ला असेल तर ‘नि’. वरच्या उत्तरात ‘आ’, ‘व’ आणि ‘नि’ मुबलक आहेत, पण ‘सां’ एकही नाही. पान भरलेलं असूनही विश्लेषण झालेलं नाही, हे समासाकडे बघूनच कळतं. गठ्ठा मोठा असला की ही अक्षरं फार उपयोगी पडतात. मॉडरेटरने कागद मागवला, तर गुण का कापले हेही त्यांतूनच दिसतं.

आकडा तपासताना

यावर फार वेळ घालवू नका, पण दोन गोष्टी पक्क्या ठेवा.

पहिली गोष्ट व्याख्येची. साठ्याचे दिवस कुणी विक्रीवर काढतं, कुणी विकलेल्या मालाच्या किमतीवर. कुणी वर्षअखेरचा साठा घेतं, कुणी सरासरी. २०२३-२४ साठी सरासरी साठा १२७.५ लाख घेतला, तर १२२ ऐवजी ९४ दिवस येतात. ही चूक नाही. मात्र एका वर्षासाठी अखेरचा आकडा आणि दुसऱ्यासाठी सरासरी घेतली असेल, तर तुलनाच मोडते. २०२१-२२ चे आकडे प्रश्नात नसल्याने पहिल्या वर्षाची सरासरी काढता येत नाही, त्यामुळे ही भेसळ इथे हमखास सापडते. ९४ ची तुलना ७३ शी केलेली दिसली, तर गणनाचा गुण कापा आणि समासात कारण लिहा.

दुसरी गोष्ट, एका चुकीची शिक्षा एकदाच. विद्यार्थ्याने वसुलीचे दिवस ७९ ऐवजी ९७ लिहिले आणि पुढचा सगळा तर्क ९७ धरून बरोबर केला, तर गणनाचा एक गुण जाईल, तर्काचे गुण पूर्ण मिळतील. तपासताना त्याचाच आकडा हातात धरून पुढे वाचा. अपवाद एवढाच, की चुकीचा आकडा उघडच अशक्य असेल, जसं वसुलीला ७९० दिवस, आणि तरी त्याला काहीच खटकलं नसेल, तर वाचनाचाही गुण जातो.

‘म्हणून’ टिकतो का?

आता मुख्य काम. वाक्य १ घ्या: करंट रेशो २ झाला, म्हणून तरलता उत्तम. स्वतःला एकच प्रश्न विचारा. तरलता बिघडली असती, तरी हाच आकडा आला असता का?

समजा माल झपाट्याने विकला गेला, पैसे वसूल झाले आणि बँकेत रोकड साठली, तर करंट रेशो वाढेल. समजा माल गोदामात पडून राहिला, दुकानदारांनी पैसे थकवले आणि ही तूट मुदत कर्जाने भरून काढली, तरीही करंट रेशो वाढेलच. कारण साठा आणि येणी अंशात बसतात, आणि मुदत कर्जाचा बहुतांश भाग चालू देण्यांत येत नाही. दोन्ही परिस्थितींत हाच आकडा येत असेल, तर तो आकडा या दोघींमध्ये निवाडा करू शकत नाही. निवाड्यासाठी दुसरा आकडा लागतो. तो विद्यार्थ्याने पुढे केला आहे का, हे बघायचं.

क्विक रेशो पुढे केला, असं तो म्हणेल. साठा वगळून तपासण्याची सवय चांगली आहे, आणि बरेच परीक्षकही इथे समाधानी होतात. पण आपल्या प्रश्नात क्विक रेशोही वाढलेला आहे. येणी ४३ लाखांनी फुगली आणि ती क्विक रेशोच्या अंशात तशीच बसली. नुसती रोकड घेतली तर चालू देण्यांशी तिचं प्रमाण ०.१४ वरून ०.०५ वर आलेलं दिसतं. म्हणून वाक्य २ हा वाक्य १ चा पुरावा होत नाही. दोघांनाही एकाच कारणाने सूज आली आहे.

निवाडा करणारा आकडा विद्यार्थ्याच्या हातातच होता, वाक्य ३ मध्ये. साठ्याचे दिवस अधिक वसुलीचे दिवस वजा देणी फेडण्याचे दिवस, असं त्याने मांडलं असतं तर चित्र उघडं पडलं असतं. देणी फेडण्याचे दिवस विकलेल्या मालाच्या किमतीवर काढले तर दोन्ही वर्षी ६५ येतात. पहिल्या वर्षी ७३ अधिक ६१ वजा ६५, म्हणजे ६९ दिवस. दुसऱ्या वर्षी १२२ अधिक ७९ वजा ६५, म्हणजे १३६ दिवस. मालात घातलेला रुपया परत हातात यायला जवळपास दुप्पट वेळ लागतो आहे. विक्री मात्र १० टक्केच वाढली. ‘करंट रेशो वाढला कारण पैसा अडकला’ असं एक वाक्य कुणी लिहिलं आणि त्याला हे दिवस जोडले, तर सांगडीचे जास्तीत जास्त गुण तिथेच द्यावेत.

आता २:१ बद्दल. ‘आदर्श प्रमाण २:१’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक उत्तरात येतं, आणि ते पाठ्यपुस्तकातून आलेलं असतं. त्याला वेगळा गुण देऊ नका. भारतातल्या बँकांनीही ते कधी अंतिम मानलं नाही. रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये नेमलेल्या टंडन समितीच्या दुसऱ्या कर्जपद्धतीत चालू मालमत्तेच्या किमान २५ टक्के रक्कम दीर्घ मुदतीच्या निधीतून यावी, अशी अपेक्षा होती, आणि तिच्यातून निघणारा किमान करंट रेशो १.३३ होता. रोखीने विकणारी आणि उधारीवर माल घेणारी किराणा साखळी १ च्या खाली राहूनही सुरळीत चालते. म्हणून मापदंडाशी तुलना केली असेल, तर तो मापदंड याच धंद्याला का लागू पडतो, हे सांगितलंय का ते बघा. त्याच कंपनीचं मागचं वर्ष किंवा त्याच व्यवसायातली दुसरी कंपनी, ही तुलना २:१ पेक्षा केव्हाही जास्त मोलाची.

वर्षअखेरचा करंट रेशो सहज हलवता येतो, हेही लक्षात असू द्या. २०२२-२३ मध्ये ३१ मार्चला १० लाखांची रोकड देऊन १० लाखांची देणी फेडली असती, तर २१०/१४० चं २००/१३० झालं असतं, म्हणजे १.५ चं १.५४. धंदा तसूभरही बदलला नसता. कुणी विद्यार्थी ही मर्यादा आपणहून नोंदवत असेल, तर त्याला समज आहे.

परतावा वाढला, पण कशाने?

वाक्य ४ मधली उडी जास्त फसवी आहे, कारण ती पटण्यासारखी वाटते. भागधारकांच्या निधीवरचा परतावा १८ चा २० टक्के झाला, तेव्हा व्यवस्थापन कार्यक्षम झालं असणारच, असं वाटतं.

तपासायची रीत ठरलेली आहे. या परताव्याचे तीन तुकडे करा: विक्रीवरचा करोत्तर नफा, एकूण मालमत्तेची उलाढाल, आणि मालमत्ता स्वनिधीच्या किती पट आहे. पहिल्या वर्षी ६ टक्के, १.५ आणि २. गुणाकार १८ टक्के. दुसऱ्या वर्षी ६.०६ टक्के, १.३२ आणि २.५, गुणाकार २० टक्के. नफ्याचं प्रमाण जिथल्या तिथे आहे. मालमत्तेची उलाढाल घटली आहे, म्हणजे कार्यक्षमता कमी झाली. वाढला तो फक्त तिसरा तुकडा, कर्जाचा आधार. शिवाय नफा राखून न ठेवता वाटून टाकल्याने छेदातला स्वनिधी २०० वरच राहिला.

विद्यार्थ्याचं वाक्य अपुरं नाही, ते उलट आहे. आकडे कार्यक्षमता घटल्याचं सांगतात आणि तो वाढल्याचं लिहितो. अपुऱ्या निष्कर्षाला अर्धे गुण देता येतात, पण उपलब्ध आकड्यांच्या विरुद्ध गेलेल्या निष्कर्षाला त्या भागात शून्य. हा फरक नवीन परीक्षकाने जपायलाच हवा.

तीन तुकडे करणं अभ्यासक्रमात नसेल, तर दुसरी कसोटी घ्या. गुंतवलेल्या एकूण भांडवलावरचा परतावा, म्हणजे व्याज व करापूर्वीचा नफा भागिले स्वनिधी अधिक सगळं कर्ज. पहिल्या वर्षी ६०/३२०, म्हणजे १८.७५ टक्के. दुसऱ्या वर्षी ७२/४१२, म्हणजे साधारण १७.५ टक्के. एक परतावा वर गेला आणि दुसरा खाली आला, तर मधली जागा कर्जाने भरली आहे. याच जोडीला व्याज आच्छादन ५ पटींवरून ३.८ पटींवर आलं, हे बँकेच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. वरच्या उत्तरात त्याचा उल्लेखही नाही. कर्जाविषयी सल्ला विचारला असताना कर्जाचं एकही गुणोत्तर न काढणं ही गणनाची उणीव नाही, प्रश्न न वाचल्याची आहे.

कारण सांगितलं असेल तर

चांगले विद्यार्थी एक पाऊल पुढे जातात: ‘मागणी घटल्यामुळे साठा वाढला.’ वाक्य वजनदार दिसतं. पण आकड्यांत मागणी घटल्याचं कुठे आहे? विक्री १० टक्क्यांनी वाढली. ढोबळ नफा दोन्ही वर्षी २५ टक्के आहे, म्हणजे माल खपवायला भाव पाडल्याची खूणही नाही. साठा उन्हाळी हंगामासाठी भरून ठेवला असेल, भाववाढीच्या धास्तीने जास्त खरेदी झाली असेल, किंवा जुन्या मॉडेलचे पंप पडून असतील. गुणोत्तर यांपैकी एकही सांगत नाही.

म्हणून ‘मुळे’ असलेल्या वाक्याला निर्विवाद टिक देऊ नका. ‘कदाचित हंगामी साठा असावा, एप्रिल ते जूनची विक्री पाहिल्यास खात्री होईल’ असं लिहिणाऱ्याने शक्यता शक्यता म्हणून मांडली आणि ती कशाने तपासायची हेही सांगितलं. त्याला पूर्ण गुण. खातरजमा न करता कारण ठोकून देणाऱ्याला अर्धे.

प्रश्न प्रत्यक्ष कंपनीच्या वार्षिक अहवालावर असेल, तर इथे जास्त कडक राहता येतं. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ३ मध्ये मार्च २०२१ मध्ये झालेल्या बदलानुसार कंपन्यांना अकरा गुणोत्तरं टिपांमध्ये द्यावी लागतात, आणि एखादं गुणोत्तर मागच्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त बदललं असेल तर त्याचं कारणही लिहावं लागतं. म्हणजे कारण अहवालातच छापलेलं असतं. ते न वाचता विद्यार्थ्याने स्वतःचं कारण लिहिलं, तर गुण कापा. उलट, कंपनीने दिलेलं कारण जसंच्या तसं उतरवलं आणि ते बाकीच्या आकड्यांशी जुळतं का हे पाहिलंच नाही, तर ते फक्त वर्णन झालं.

गुण कसे द्यायचे

या प्रश्नासाठी २० गुणांची वाटणी अशी धरा: गणन ५, एकेका गुणोत्तराचं वाचन ५, सांगड ७, शिफारस आणि मर्यादा ३. सांगडीला सगळ्यात जास्त गुण असले तरच वरच्यासारखं नेटकं पण पोकळ उत्तर आपोआप खाली येतं. गणनालाच १२ गुण ठेवले, तर तुम्ही कितीही बारकाईने वाचा, निकालात फरक पडत नाही.

पहिल्या उत्तराला गणनाचे ४, कारण कर्जाची गुणोत्तरं नाहीत. वाचनाचे २. सांगडीत साठा आणि येणी यांचे दिवस निदान एकत्र मांडले म्हणून १. शिफारशीला ०, कारण ती प्रतिकूल आकड्याला वळसा घालून गेली. एकूण ७.

आता दुसरं उत्तर बघा: ‘करंट रेशो वाढला तो साठा ७५ लाखांनी आणि येणी ४३ लाखांनी वाढल्यामुळे, रोकड मात्र २० लाखांवरून ८ लाखांवर आली. विक्री १० टक्के वाढली असताना वसुलीचे दिवस ६१ वरून ९७ झाले, म्हणजे पैसा अडकला आहे. तो मुख्यतः कर्जातून उभा केला आणि व्याज आच्छादन ५ वरून ३.८ पट झाले. व्याज भरण्याइतका नफा अजून आहे. म्हणून पूर्ण ५० लाख न देता, ९० दिवसांहून जुनी येणी आणि न हलणारा साठा वगळून उरलेल्या रकमेवर मर्यादा ठरवावी.’

इथे ९७ चुकला आहे, खरा आकडा ७९. एक गुण गेला. पण ‘मुख्यतः कर्जातून’ हे ११० लाख आणि ९२ लाख यांच्याशी जुळतं. शिफारसही प्रत्येक पायरीवर आधीच्या वाक्याला धरून आहे, आणि जुनी येणी वगळून पैसे काढण्याची मर्यादा ठरवणं ही बँकांची नेहमीची रीत आहे. पहिलं ‘मुळे’सुद्धा चालतं, कारण ते धंद्यातलं कारण सांगत नाही, ताळेबंदातली बेरीज सांगतं. साठ्याचे दिवस आणि परतावा यांचा उल्लेख नाही, म्हणून गणन ३, वाचन ४, सांगड ६, शिफारस ३. एकूण १६. नफा वाढूनही निधी वाढला नाही, तो सगळा वाटला गेला, हे कुणी टिपलं तर सातवा गुणही द्या. फार थोडे तिथे पोहोचतात.

आकडा चुकलेल्या उत्तराला १६ आणि सगळे आकडे बरोबर असलेल्याला ७, हे पहिल्यांदा अंगावर येतं. मॉडरेटर विचारतीलच. तेव्हा समासातली अक्षरं दाखवा.

तपासणाऱ्याचा तोल

एका बैठकीत सगळ्यांचा हाच प्रश्न तपासा, एकेक पूर्ण उत्तरपत्रिका नको. दहाएक कागद झाल्यावर मागे जाऊन पहिले तीन पुन्हा वाचा. सुरुवातीला आपण एकतर जास्त उदार असतो नाहीतर जास्त कडक. पानं किती भरली आहेत, अक्षर कसं आहे, ‘एकंदरीत’ने सुरू होणारा समारोप आहे की नाही, यांना या वाटणीत कुठेही गुण नाहीत. आणि ज्या निष्कर्षाशी तुम्ही स्वतः सहमत आहात, त्याची वाट जास्त निरखून बघा. मनासारखं उत्तर दिसलं की मधल्या गाळलेल्या पायऱ्या आपणच मनात भरून काढतो. ‘मर्यादा वाढवू नये, कारण कर्ज फार आहे’ एवढंच लिहिणाऱ्याला त्यामुळे फुकटचे गुण जातात.

शेरा लिहिताना ‘विश्लेषण अपुरे’ असं लिहून सोडू नका, त्यातून विद्यार्थ्याला काहीच हाती लागत नाही. पहिल्या उत्तराखाली असं लिहा: ‘वाक्य ३ मधले १२२ आणि ७९ दिवस बरोबर आहेत. ते वाक्य १ मधल्या निष्कर्षाच्या विरुद्ध जातात. दोन्हींची सांगड घालून वाक्य ५ पुन्हा लिहा.’